एसडी वजा १७.५ आली! बाबांच्या शुगरची शीट, एकक बदल आणि माझा गोंधळ

सईबाई_लीड्स

नमस्कार मंडळी. बाबा सांगलीला, मी इंग्लंडमध्ये. बाबांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. भाऊ त्यांचे रिपोर्ट एका सामाईक शीटमध्ये भरतो, मी इथून बघते. अडचण अशी की मला भारतातले आकडे पटकन कळत नाहीत. गरोदरपणात माझीच शुगर वाढली होती, तेव्हा इथल्या नर्सने "उपाशीपोटी ५.३ च्या खाली" हे इतकं घोकून घेतलं की १४४ म्हटलं की मला नुसतं कोणाचं तरी वजन वाटतं.

म्हणून मी शेजारच्या रकान्यात इथली एककं करून ठेवते. साध्या शुगरला १८ ने भागायचं. एचबीए१सीला, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीला, मात्र एक वेगळं सूत्र आहे, ते इथल्या एका तक्त्यावरून घेतलं. बाबांचे गेल्या दीड वर्षातले चार रिपोर्ट ८.४, ७.९, ७.६ आणि ७.१ आहेत. त्याखाली भावाने सरासरी आणि एसडी, म्हणजे आकड्यांचा पसारा सांगणारं प्रमाण विचलन, काढली होती: ७.७५ आणि ०.५४. मी वरच्या खणातलं सूत्र धरून खालपर्यंत ओढलं.

```
C2:  =(B2-2.15)*10.929
C6:  =(B6-2.15)*10.929
C7:  =(B7-2.15)*10.929
```

C6 मध्ये सरासरी ६१.२ आली. C7 मध्ये एसडी आली वजा १७.५. एसडी वजा असू शकत नाही एवढं कॉलेजातलं आठवतंय. मग सूत्र चुकलंय का? पण चारही रिपोर्ट तर बरोबर बदलले जातायत, तक्त्याशी ताडून पाहिलं.

---

मेथीपाक

ताई, ८.४ वरून ७.१ म्हणजे छानच उतरली की! आमच्या सासूबाई रात्री मेथीदाणे भिजत घालून सकाळी ते पाणी घेतात. बाबा काय घेतात? भात बंद केला का?

---

खडूफळा

सूत्र बरोबर आहे, वापर चुकलाय. तीस वर्षं गणित शिकवलं म्हणून सांगतो. वर्गातल्या सगळ्या मुलांना ५ गुण ग्रेस दिले तर सरासरी ५ ने वाढते, पण मुलामुलांमधलं अंतर तेवढंच राहतं. पहिला आणि शेवटचा, दोघेही पाचच पायऱ्या चढले. म्हणून प्रमाण विचलन बदलत नाही. तात्पर्य, एकक बदललं तरी पसारा तोच राहतो. तुमची एसडी ०.५४ होती, ती ०.५४ च ठेवा. C7 मधलं सूत्र काढून टाका.

---

सईबाई_लीड्स

@मेथीपाक, आहाराचा धागा वेगळा आहे हो, तिकडे बोलू 😀

@खडूफळा काका, पण मग माझ्या रकान्यात ६८, ६३, ६० आणि ५४ असे आकडे आहेत आणि त्यांची एसडी ०.५४? पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात १४ चं अंतर असताना?

---

नळीवाली

पॅथॉलॉजी लॅबमध्ये सोळा वर्षं झाली. हा घोळ आमच्याकडे नवीन मुलंमुली दर वर्षी घालतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी साधी शुगर घ्या, कारण तिथे फक्त गुणाकार-भागाकार आहे. हिशोब तोंडी करता यावा म्हणून मुद्दाम १८ च्या पाढ्यातले आकडे घेते. समजा आठवड्याच्या सात सकाळच्या शुगर १०८, १२६, १२६, १४४, १६२, १४४, १९८ अशा आहेत. सरासरी १४४. सईबाईंच्या एककात त्याच सात शुगर ६, ७, ७, ८, ९, ८, ११ होतात आणि सरासरी ८. आता पसारा बघा. १९८ ही सरासरीपासून ५४ वर आहे, तिकडे ११ ही ३ वर आहे. ५४ भागिले १८ बरोबर ३. प्रत्येक शुगरचं सरासरीपासूनचं अंतर १८ ने आक्रसतं, म्हणून एसडीही १८ ने आक्रसते. पहिलीकडे २९.४, दुसरीकडे १.६३. काकांच्या म्हणण्याप्रमाणे एसडी २९.४ च ठेवली तर सरासरी ८ आणि एसडी २९ असं काहीतरी दिसेल, आणि तो माणूस आयसीयूमध्ये असायला हवा.

काकांचं ग्रेसचं उदाहरण बरोबर आहे, पण ते फक्त बेरजेचं आहे. तुमच्याच शाळेतलं दुसरं उदाहरण देते. ८० पैकीचा पेपर १०० पैकी केला की प्रत्येकाचे गुण सव्वापट होतात आणि मुलामुलांमधलं अंतरही सव्वापट होतं.

आता एचबीए१सी. इथे दोन्ही आहे, आधी २.१५ ची वजाबाकी आणि मग १०.९२९ ने गुणाकार. बाबांचा ८.४ हा सरासरी ७.७५ पेक्षा ०.६५ ने जास्त आहे. दोन्हींतून २.१५ वजा करा: ६.२५ आणि ५.६. अंतर अजूनही ०.६५. वजाबाकी दोघांनाही सारखीच लागली, म्हणून अंतरातून ती आपोआप गळाली. त्यापुढचा गुणाकार मात्र अंतराला लागतोच. म्हणून एसडीला फक्त १०.९२९ ने गुणायचं. गोल न केलेली एसडी ०.५४४७ आहे, तिची ५.९५ होते. २.१५ चं तिथे काही काम नाही.

---

दोनदशांश

म्हणजे C7 मध्ये एक तर `=B7*10.929` लिहा, नाहीतर `=STDEV(C2:C5)`. दोन्हीकडे एकच उत्तर यायला हवं, ताडून बघायला बरं पडतं.

सईबाई, एक सांगतो. तुमची एसडी वजा आली म्हणून तुम्ही वाचलात. उलट्या दिशेने तीच चूक केली असती तर कळलं नसतं. समजा भाऊ तुमच्या एककातली ५.९५ एसडी भारतातल्या टक्क्यांत बदलतोय. उलटं सूत्र म्हणजे ०.०९१५ ने गुणून २.१५ मिळवायचे. त्याला उत्तर मिळेल २.७. वजा नाही, फार मोठी नाही, दिसायला सज्जन. खरी आहे ०.५४. पाचपट चूक आणि कोणी भुवईसुद्धा उंचावणार नाही.

---

सईबाई_लीड्स

अरे बापरे. म्हणजे खाली ओढलेलं सूत्र सरासरीला चाललं, एसडीला नाही, आणि दोन्ही खण एकाखाली एक!

`=STDEV(C2:C5)` करून बघितलं तर ५.८५ आली, ५.९५ नाही. आता हे काय?

---

दोनदशांश

C मधले आकडे गोल केलेत का तुम्ही?

---

सईबाई_लीड्स

हो. इथल्या रिपोर्टवर दशांश नसतात म्हणून मीच नंतर चारही रिपोर्टांना ROUND लावलं होतं. काढलं. आता ५.९५.

---

आजोळ

मी वेगळाच प्रश्न घेऊन आले आहे, पण मला वाटतं तोच आहे. माझी मुलगी अमेरिकेत. नातवाला ताप होता तेव्हा ती म्हणाली, "आई, दोन डिग्री उतरला." मी म्हटलं काय सांगतेस, इतका? आमचा थर्मामीटर सेल्सिअसचा आहे. मग मी गूगलवर २ फॅरनहाइटचे सेल्सिअस केले तर वजा १६.७ आले! मला वाटलं फोन बिघडला.

---

नळीवाली

@आजोळ, अगदी तोच प्रश्न आहे. गूगलला वाटलं तुम्ही २ फॅरनहाइट तापमानाबद्दल विचारताय, म्हणजे बर्फाहून गार. तुम्हाला हवा होता २ अंशांचा *फरक*. फरकाला ३२ लागत नाहीत, फक्त पाच नवमांश. ताप १.१ सेल्सिअसने उतरला.

सईबाई, तुमच्या शीटमध्ये "किती उतरली" असा रकाना असेल तर तिथेही हेच बघा. ८.४ वरून ७.१ म्हणजे १.३ ची घट. १.३ ला पूर्ण सूत्र लावलंत तर वजा ९.३ येतं, म्हणजे घटीची वाढ होऊन बसते. नुसतं १०.९२९ ने गुणलं की १४.२ येतं, आणि तुमच्या ६८ व ५४ मधलं अंतर तेवढंच आहे.

---

खडूफळा

मान्य. बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार यांत मी सरमिसळ केली. व्हेरियन्स, म्हणजे एसडीचा वर्ग, असता तर १८ चा वर्ग म्हणजे ३२४ ने भागावं लागलं असतं, हे माझ्याच फळ्यावर शंभरदा लिहिलंय. वय झालं.

पण मग यातून सुटायचा सोपा मार्ग सांगतो. एसडीचा नाद सोडा. सीव्ही काढा, एसडी भागिले सरासरी, टक्क्यांत. त्याला एककच नसतं. भारत असो, इंग्लंड असो, सीव्ही तीच. नळीवालींच्या सात शुगरवर करून पाहिलं. २९.४ भागिले १४४ म्हणजे २०.४ टक्के. १.६३ भागिले ८ म्हणजेही २०.४ टक्के. भांडणच मिटलं.

---

सईबाई_लीड्स

काका, मी लगेच एचबीए१सीवर करून पाहिलं. भावाच्या रकान्यात ७.० टक्के येते. माझ्या रकान्यात ९.७. आता मला हसू येतंय.

---

खडूफळा

शक्य नाही. कुठेतरी पुन्हा गोल केलंय.

---

नळीवाली

नाही काका, सईबाईंचं बरोबर आहे. आणि मला या धाग्यात सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच, कारण लॅबमध्ये यावरून खरी भांडणं होतात.

सीव्हीत वर एसडी आहे आणि खाली सरासरी. नुसता गुणाकार असेल तर तो वरही लागतो, खालीही लागतो आणि कटतो. साध्या शुगरचं तसंच झालं. पण एचबीए१सीत २.१५ ची वजाबाकी फक्त खालच्या सरासरीला लागते, वरच्या एसडीला लागत नाही. ७.७५ चे ५.६ झाले. खालचा आकडा आक्रसला, वरचा नाही, म्हणून भागाकार वाढला. ७.७५ भागिले ५.६ म्हणजे १.३८, आणि ७.० ला १.३८ ने गुणा: ९.७ येतात. रक्त तेच, बाबा तेच, रिपोर्ट तेच.

ही वजाबाकी आली कुठून ते सांगते, म्हणजे नुसतं सूत्र वाटणार नाही. टक्क्यांतला जुना आकडा अमेरिकेतल्या डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासात (निकाल १९९३) वापरलेल्या मशिनच्या पद्धतीला बांधलेला आहे. त्या पद्धतीत साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनच्या जोडीला दुसरंही थोडं काही त्याच शिखरात मोजलं जायचं. पुढे आयएफसीसी या लॅब-तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी संदर्भ पद्धत बसवली ती हिमोग्लोबिनच्या एका ठरावीक साखळीच्या टोकालाच साखर चिकटली आहे का एवढंच मोजते. म्हणून तिचे आकडे खाली येतात. दोन्ही पद्धतींचा शून्य एकाच जागी नाही. नव्या एककात शून्य म्हणजे जुन्या टक्क्यांत २.१५. ब्रिटनमध्ये २००९ पासून दोन्ही आकडे छापायचे, ऑक्टोबर २०११ पासून फक्त नवा. आपल्याकडे अजून टक्केच चालतात.

आता भांडण. मशिन नीट चाललंय का बघायला आम्ही एकच कंट्रोल नमुना पुन्हा पुन्हा चालवतो. ७ टक्क्यांच्या आसपासचा कंट्रोल असेल आणि एसडी ०.१४ असेल तर सीव्ही २ टक्के. छान. तेच आकडे नव्या एककात ५३ आणि १.५३ होतात, सीव्ही २.९. एका विक्रेत्याचा माणूस आमच्याकडे येऊन सांगून गेला की आमचं मशिन २ टक्क्यांत आहे आणि दुसऱ्या कंपनीचं जवळजवळ ३ मध्ये. पत्रकं मागवून पाहिली तर दोघांची एककं वेगळी. मशिनं सारखीच होती!

---

खडूफळा

मग यातली खरी सीव्ही कुठली? माणूस एक, बदल एक, आणि दोन टक्केवाऱ्या? माझ्या मनाला हे पटत नाही.

---

नळीवाली

दोन्ही खऱ्या, काका, पण एकमेकींशी तुलना करायच्या नाहीत. "सरासरीच्या किती टक्के" हे वाक्यच शून्य कुठे धरलाय यावर उभं आहे. सांगलीत रोजचं तापमान सरासरी २७ सेल्सिअस आणि एसडी ३ असली तर सीव्ही ११ टक्के. फॅरनहाइटमध्ये ८०.६ आणि ५.४, सीव्ही ६.७. हवा तर काही बदलली नाही ना? तापमानाची सीव्ही कोणी काढत नाही ते याचसाठी.

साध्या शुगरचा शून्य दोन्ही एककांत एकच आहे, शून्य म्हणजे रक्तात ग्लुकोज नाहीच. म्हणून दंडावरच्या सेन्सरवाल्या ॲपमध्ये "३६ टक्क्यांच्या आत ठेवा" असं सीव्हीचं लक्ष्य देतात ते सांगलीलाही चालतं आणि लीड्सलाही.

---

खडूफळा

हं. विचार करतो. तापमानाचं उदाहरण चोख आहे, पण मग पाठ्यपुस्तकात "सीव्ही एककावर अवलंबून नसते" असं बिनधास्त लिहितात ते चूक म्हणायचं की अपुरं?

---

बुलेटराव

काका, अपुरं म्हणा, सोडून द्या. मी गाडीचा माणूस. माझाही एक हिशोब जुळत नाहीये. दोन सारख्याच अंतराच्या फेऱ्या, एकीत मायलेज ४०, दुसरीत ६०. सरासरी ५०. माझा जर्मनीतला चुलतभाऊ १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतो. ४० म्हणजे २.५ लिटर, ६० म्हणजे १.६७. त्यांची सरासरी २.०८, आणि ती परत फिरवली तर ४८. दोन कुठे गेले? आधी सरासरी काढून बदला किंवा आधी बदलून सरासरी काढा, एकच यायला हवं ना? सईबाईंचं ६१.२ दोन्ही वाटांनी आलंय.

---

दोनदशांश

सईबाईंचं येतं कारण तिथे गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एवढंच आहे. तुमच्या मायलेजचा आकडा खाली जातो, १०० भागिले मायलेज. तो उलटा भागाकार आहे, एका ठरावीक आकड्याने गुणणं नाही. आलेखावर काढलात तर सरळ रेष येणार नाही, वाकडी येईल. वाकड्या रेषेवर सरासरीची सरासरीशी गाठ पडत नाही आणि एसडीलाही एकच गुणक नसतो. दोन्ही फेऱ्या सारख्या अंतराच्या असतील तर पेट्रोलच्या हिशोबाने ४८ खरं. तुमचे ५० हे पेट्रोल सारखं जाळलं असतं तर खरे ठरले असते.

---

बुलेटराव

म्हणजे जर्मन भाऊ बरोबर. त्याला सांगणार नाही.

---

सईबाई_लीड्स

शीट दुरुस्त केली, भावालाही दाखवली. त्याने लगेच नवीन रकाना जोडला. एचबीए१सीवरून सरासरी शुगर काढायचं सूत्र त्याला एका रिपोर्टच्या तळाशी सापडलं, २८.७ ने गुणून ४६.७ वजा. ७.१ चे १५७ आले. मग इथलं शिकलेलं वापरून त्याने एसडी ०.५४ ला फक्त २८.७ ने गुणलं, १५.६ आली, आणि लिहून टाकलं: "बाबांची शुगर १५.६ ने वरखाली होते." बरोबर आहे ना? वजाबाकी गाळली त्याने.

---

नळीवाली

गणित बरोबर, वाक्य चूक. १५.६ हा चार *अंदाजित सरासऱ्यांचा* पसारा आहे, दीड वर्षात तिमाही सरासरी किती सरकली त्याचा. बाबांची शुगर सकाळी १२० आणि जेवणानंतर २३० होत असेल तर ते या आकड्यात कुठेच दिसणार नाही, एचबीए१सीत ते आधीच मिसळून गेलंय.

आणि दुसरं म्हणजे हे १८ सारखं एकक बदलणं नाही. १८ येतात कारण ग्लुकोजच्या रेणूचं वजन साधारण १८० आहे, ते कोणासाठीही बदलत नाही. २८.७ आणि ४६.७ हे काही शे लोकांची शुगर आणि एचबीए१सी एकत्र मोजून त्यातून ओढलेल्या रेषेचे आकडे आहेत. माणसं त्या रेषेच्या वरखाली असतात. ७.१ असलेल्या दोघांची खरी सरासरी वेगळी निघू शकते. एकक बदलताना अशी शंका नसते.

---

सईबाई_लीड्स

म्हणूनच का घरच्या मशीनची सरासरी १४० च्या आसपास आणि हे सूत्र १५७ म्हणतं?

---

नळीवाली

बाबा घरी कधी मोजतात?

---

सईबाई_लीड्स

सकाळी उपाशीपोटी. फक्त तेव्हाच.

---

नळीवाली

मग १४० ही सकाळची सरासरी झाली, दिवसाची नाही. सतराचा फरक तेवढ्याने भरून निघेल की आणखी काही आहे, हे इथून नाही सांगता येणार. हिमोग्लोबिन कमी असलं तरी एचबीए१सी हलतं. आठवडाभर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजून शीटमध्ये घाला आणि हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे तो बघा, डॉक्टरांकडे जाताना दोन्ही न्या.

---

मेथीपाक

आणि जेवणात काय होतं तेही लिहा. आता तरी सांगा, भात बंद केला का?

---

सईबाई_लीड्स

नाही हो. सांगलीकर आहेत ते, भात सुटेल पण बासुंदी सुटणार नाही. भावाला दुपारचा रकाना करायला सांगितलाय. पुढच्या रविवारी आकडे टाकते इथेच.